सेल ३ व्होल्ट दाखवतो, तरी नोड का मरतो?

तक्रार दर वेळी साधारण एकाच भाषेत येते. सीआर२०३२ सेलवर चालणारा वायरलेस सेन्सर, हिशेबाने तीन वर्षं चालायला हवा, चार-पाच महिन्यांत गप्प होतो. सेल काढून मल्टिमीटर लावला की २.९५ व्होल्ट, कधी चक्क ३ व्होल्ट. तोच सेल परत बसवला की नोड दहा-वीस मिनिटं चालतो आणि पुन्हा गायब. मग सेलला शिव्या, सॉकेटला शिव्या, शेवटी नवा सेल. चार महिन्यांनी तेच.

ज्या प्रकरणात मला हे नीट समजलं ते पिंपळगाव परिसरातल्या द्राक्षाच्या शीतगृहातलं. तापमान आणि आर्द्रता मोजणारे बारा नोड ऑक्टोबरमध्ये बसवले. आठ शीतखोल्यांच्या आत, चार बाहेर पॅकिंगच्या हॉलमध्ये. बोर्ड सगळे एकसारखे: एटीमेगा३२८पी मायक्रोकंट्रोलर, आतल्या ८ मेगाहर्ट्झ घड्याळावर, एनआरएफ२४एल०१+ रेडिओ, २५० केबीपीएसवर, एसआय७०२१ सेन्सर, आणि सेलला समांतर १०० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. दर मिनिटाला एक रीडिंग. मार्चमध्ये सुपरवायझरचा फोन आला, "भाऊ, आतले पाच बंद पडले. सेल तर मीटरवर फुल दाखवतात." बाहेरचे चारही मजेत चालू होते.

हिशेब मी आधी केलेला होता, आणि तो चुकीचा नव्हता. अपुरा होता.

पहिला हिशेब: किती चार्ज जातो

स्लीपमध्ये बोर्ड ६ मायक्रोअँप घेत होता. यात वॉचडॉग टायमर चालू ठेवलेला कंट्रोलर सुमारे ४.२, पॉवर-डाउनमधला रेडिओ ०.९, आणि उरलेलं सेन्सर व कपॅसिटरची गळती. ब्राउन-आउट डिटेक्टर, म्हणजे व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेला की कंट्रोलर रीसेट करणारा भाग, स्लीपमध्ये `sleep_bod_disable()` ने बंद केलेला होता. तो चालू राहिला तर एकटाच वीसेक मायक्रोअँप खातो आणि पुढचं काहीच वाचायची गरज उरत नाही.

दर मिनिटाचं जागणं असं. सेन्सरचं रूपांतर होईपर्यंत कंट्रोलर २५ मिलिसेकंद नुसता थांबून राहतो, ३ मिलिअँप घेत. हे झाले ७५ मायक्रोकूलंब. रेडिओ उठवणं आणि इतर किरकोळ कामं ५ मिलिसेकंद, म्हणजे १५. प्रत्यक्ष प्रक्षेपण: पॅकेट हवेत जायला ०.७ मिलिसेकंद ११.३ मिलिअँपने, पोच ऐकायला साधारण अर्धा मिलिसेकंद १२.६ मिलिअँपने, वर कंट्रोलरचे ३. ढोबळमानाने १.२ मिलिसेकंद, १५ मिलिअँप, १८ मायक्रोकूलंब.

इथे पहिल्यांदा हे मांडणाऱ्याला धक्का बसतो. ज्या रेडिओची सगळ्यांना भीती, त्याचा वाटा १८. आणि सेन्सरची वाट बघत नुसतं उभं राहण्याचा ७५. पण सध्या पुढे जाऊ.

```
I_avg = I_sleep + Q_event / T
      = 6 µA + 108 µC / 60 s
      = 7.8 µA

225 mAh / 7.8 µA ≈ 28800 h ≈ 3.3 वर्षं
```

सेलच्या डेटाशीटवर क्षमता २२० ते २४० मिलिअँप-तास अशी असते, मी २२५ धरली. ती क्षमता कशी मोजतात ते मात्र वाचून ठेवावं: साधारण १५ किलोओहमचा रोध लावून, म्हणजे ०.२ मिलिअँपच्या आसपास, सामान्य तापमानाला, सेल २ व्होल्टवर येईपर्यंत. आपला नोड सेलला ना त्या करंटने वापरतो, ना त्या तापमानाला, ना त्या व्होल्टेजपर्यंत. छापलेला आकडा खरा आहे, फक्त तो दुसऱ्याच परिस्थितीतला आहे.

जे दिसलं

बंद पडलेल्या नोडमधले सेल दोन प्रकारचे निघाले, आणि त्यामुळे माझे दोन दिवस फुकट गेले. तीन सेल मीटरवर २.९५ च्या वर, दोन मात्र खरोखरच रिकामे, २.३ च्या खाली. एकाच दोषाने मेलेले पाच नोड आणि सेल दोन जातींचे, म्हणजे दोष दोन असणार अशी माझी समजूत झाली. तसं नव्हतं.

नोड सुरू होताच एक हजेरीचं पॅकेट पाठवायचा. व्होल्टेज घसरून रीसेट झाला की सुरू, लगेच हजेरी, पुन्हा व्होल्टेज घसरलं, पुन्हा रीसेट. या चक्रात नोड स्लीपपर्यंत पोचतच नाही. सरासरी ४-५ मिलिअँप जात राहतात आणि जवळजवळ भरलेला सेल दोन दिवसांत कोरडा होतो. ज्या नोडकडे लगेच लक्ष गेलं त्यांचे सेल भरलेले सापडले, जे आठवडाभर दुर्लक्षित राहिले त्यांचे रिकामे. "सेल रिकामा निघाला म्हणजे सेल संपल्यामुळे नोड मेला" हा निष्कर्ष इथे उलटा आहे: नोड आधी मेला, सेल नंतर संपला.

रीसेटचं कारण कंट्रोलर स्वतः सांगतो. सुरुवातीलाच `MCUSR` वाचा, हजेरीच्या पॅकेटमध्ये घाला, मग शून्य करा. नुसता `BORF` बिट लागला असेल तर ब्राउन-आउट. सेल पहिल्यांदा बसवताना `PORF` च्या जोडीने `BORF` सुद्धा लागू शकतो, त्याचं काही नाही. पण बोर्डावर बूटलोडर असेल तर तो तुमच्या आधी `MCUSR` पुसून ठेवतो, आणि तुम्हाला कायम शून्य दिसतं. आमचे बोर्ड आयएसपीने थेट प्रोग्राम केलेले होते म्हणून वाचलो.

गेटवेच्या लॉगमध्ये मेलेल्या नोडच्या शेवटच्या काही हजेऱ्या सापडल्या. सगळ्यांवर एकटा `BORF`.

दुसरा हिशेब: किती व्होल्ट पडतात

सेल म्हणजे एक व्होल्टेज आणि त्याच्या मागे मालिकेत बसलेला एक रोध असं समजा. स्लीपमध्ये ६ मायक्रोअँप जाताना त्या रोधावर काहीच पडत नाही, म्हणून मीटर ३ व्होल्ट दाखवतो. रेडिओ चालू झाला की करंट हजारपटीहून अधिक वाढतो आणि मग तो रोध आपला वाटा मागतो.

```
V_min = V_rest − I_burst × R
```

सीआर२०३२ चा विश्रांतीचा व्होल्टेज आयुष्यभर जवळपास सपाट असतो. अगदी शेवटी उतरतो. वाढत जातो तो अंतर्गत रोध. म्हणून मीटरने सेल "बघणं" हे जवळजवळ निरर्थक आहे. मल्टिमीटरचा रोध दहा मेगओहम, तो सेलकडून काही मागतच नाही. मग सेल तरी काय सांगणार?

रोध मोजायला मोठं काही लागत नाही. २२० ओहमचा रोध, त्याच्या मालिकेत एक लॉजिक-लेव्हल मॉस्फेट, त्याच्या गेटला कुठल्याही अर्डुइनोवरून हव्या त्या लांबीची पल्स, आणि सेलच्या दोन टोकांवर ऑसिलोस्कोप. पल्सच्या आधीचा व्होल्टेज V0, पल्स संपतानाचा V1.

```
R = R_load × (V0 − V1) / V1
```

मेलेल्या नोडमधला, मीटरवर २.९८ दाखवणारा सेल घेतला. टेबलावर, ३५ मिलिसेकंदांच्या पल्सला V1 आला २.८०, म्हणजे रोध १४ ओहम. अगदी निरोगी. मग तोच सेल होल्डरसकट घरच्या फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी ठेवला, पातळ वायरी दाराच्या रबरातून बाहेर काढल्या आणि दोन तास थांबलो. आता V0 होता २.९२, आणि त्याच पल्सला V1 २.५६. रोध ३१ ओहम.

खोलीत १४, फ्रीजमध्ये ३१. बाहेरचे चार नोड का चालू होते त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

याच मोजणीत आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती डेटाशीटच्या एका आकड्यात मावत नाही. फ्रीजमध्ये पल्स लागल्यावर १ मिलिसेकंदाला व्होल्टेज २.६५ होता, म्हणजे रोध २२ ओहम. ३५ मिलिसेकंदांपर्यंत तो सावकाश घसरत २.५६ वर आला. काही घसरण तत्क्षणी होते, ती धातूच्या जोडांची आणि इलेक्ट्रोलाइटच्या ओहमी रोधाची. उरलेली हळूहळू येते, कारण इलेक्ट्रोडजवळचे आयन संपतात आणि आतून नवे यायला वेळ लागतो. त्यामुळे "सेलचा रोध किती" या प्रश्नाला पल्सची लांबी आणि तापमान सांगितल्याशिवाय उत्तर नाही. आपल्या नोडची पल्स जेवढी लांब, तेवढीच चाचणीची ठेवावी. दहा सेकंद रोध लावून ठेवला तर सेल उगाच वाईट दिसेल, ५० मायक्रोसेकंद ठेवला तर उगाच चांगला.

मग ३५ मिलिसेकंद कुठून आले?

प्रक्षेपण तर १.२ मिलिसेकंदांचं आहे. आणि कपॅसिटरही आहे. १८ मायक्रोकूलंब आपल्या कपॅसिटरमधून गेले तर व्होल्टेज किती उतरेल? कपॅसिटरवर १०० मायक्रोफॅरड लिहिलेलं असलं तरी सिरॅमिकची धारिता डीसी व्होल्टेजखाली घटते. ३ व्होल्टवर ६० धरा. १८ भागिले ६० म्हणजे ०.३ व्होल्ट, तेही सेलने काहीच दिलं नाही असं मानून. सेल थोडं देतोच. म्हणजे एक पॅकेट या बोर्डाला मारू शकत नाही. कपॅसिटर टाकताना मी हाच हिशेब केला होता आणि समाधानाने झोपलो होतो.

पण पॅकेट एक नव्हतं. एनआरएफ२४ पोच न मिळाल्यास आपोआप पुन्हा पाठवतो, आणि `RF24` लायब्ररी सुरू होताना हे `setRetries(5, 15)` असं ठेवते: दीड मिलिसेकंदाच्या अंतराने पंधरा वेळा आणखी. पोच मिळालीच नाही तर एकूण सोळा प्रयत्न, एकामागोमाग, सुमारे ३५ मिलिसेकंद. या काळात कंट्रोलर जागाच असतो. सगळं मिळून ३०५ मायक्रोकूलंब, म्हणजे ३५ मिलिसेकंदभर सरासरी ९ मिलिअँप.

आता कपॅसिटरचं काय होतं बघा. ३१ ओहम गुणिले ६० मायक्रोफॅरड म्हणजे कालांक १.९ मिलिसेकंद. सहा-सात मिलिसेकंदांत कपॅसिटर आपली शिल्लक वाटून मोकळा होतो. पुढचे अठ्ठावीस मिलिसेकंद सगळा भार सेलवर.

```
V_min = 2.92 − 0.009 × 31 ≈ 2.64 V
```

त्यावर प्रत्येक प्रयत्नाची थोडी लाट, म्हणजे खरा तळ आणखी खाली. आणि ब्राउन-आउट ठेवला होता २.७ व्होल्टवर, कारण ८ मेगाहर्ट्झच्या बोर्डांची ती रूढ सेटिंग, आणि मी ती बदलली नव्हती.

पोच का मिळत नव्हती? ऑक्टोबरमध्ये खोल्या रिकाम्या होत्या. शीतगृहाच्या पफ पॅनेलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो आणि गेटवे बाहेर, तरी दाराच्या फटींतून सिग्नल जात होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये खोली छतापर्यंत द्राक्षाच्या पेट्यांनी भरली. द्राक्ष म्हणजे बहुतांशी पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाणी आवडीने पिऊन टाकतं. खोली १ अंशावर आली, सेलचा रोध दुप्पट झाला, त्याच महिन्यात प्रयत्न एकाचे सोळा झाले. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच नोड पडले. बाहेर हॉलमध्ये ना थंडी, ना पेट्यांची भिंत.

आठपैकी पाचच का मेले? २.७ व्होल्टचा ब्राउन-आउट प्रत्यक्षात २.५ ते २.९ मध्ये कुठेही असू शकतो, डेटाशीटच तसं सांगते. ज्या चिपचा २.८ वर होता ती आधी गेली, ज्यांचा २.५५ वर होता त्या तीन तगल्या. एकाच लॉटचे सेल, एकच कार्यक्रम, आणि नशीब वेगळं, ते एवढ्यावरून.

तोपर्यंत गेलेला चार्ज मोजला. पहिले चार महिने ७.८ मायक्रोअँपने, शेवटचा महिना सोळा प्रयत्नांमुळे १२.६ ने, एकूण ३२ मिलिअँप-तास. २२५ पैकी ३२. खात्री करायला एका सेलला १५ किलोओहमचा रोध लावून कपाटात ठेवला आणि रोज सकाळी व्होल्टेज लिहीत गेलो. २ व्होल्टवर यायला सहा आठवडे लागले. १८५ मिलिअँप-तास निघाले. बाकीचे जे रीसेटमध्ये गेले असतील ते गेले. चार पंचमांश भरलेला सेल आपण कचऱ्यात टाकत होतो.

एक बाजूची सूचना: सरासरीच्या हिशेबात सोळा प्रयत्न घातले तरी उत्तर दोन वर्षं येतं. म्हणजे सरासरी कितीही काटेकोर केली तरी तिच्यातून पाच महिने निघत नाहीत. उत्तर चुकतंय आणि कारण सापडत नाही असं होतं तेव्हा बहुतेक लोक स्लीप करंट पुन्हा मोजत बसतात. मीही बसलो होतो.

दुरुस्ती

सर्वांत आधी ब्राउन-आउट. तो १.८ व्होल्टवर न्यायचा, पण नुसता तेवढाच बदल करू नका. एटीमेगा३२८पी ८ मेगाहर्ट्झवर २.४ व्होल्टच्या खाली विश्वासाचा नाही, १.८ व्होल्टपर्यंत जायचं तर घड्याळ ४ मेगाहर्ट्झ किंवा कमी हवं. नाहीतर रीसेट टळेल आणि त्याच्या जागी कधीतरी ईईप्रॉम बिघडेल किंवा प्रोग्राम भरकटेल, जे शोधणं रीसेटपेक्षा कितीतरी कठीण. फ्यूजमध्ये घड्याळाला ८ ने भागणारा बिट चालू ठेवला, म्हणजे चिप १ मेगाहर्ट्झवर शांतपणे उठते, आणि मग प्रोग्राममधून ४ वर नेली.

```
avrdude -c usbasp -p m328p -U lfuse:w:0x62:m -U efuse:w:0xFE:m
```

```c
#include <avr/power.h>
clock_prescale_set(clock_div_2);   /* 8 / 2 = 4 MHz */
```

`F_CPU` ही ४००००००UL करायला विसरलात तर लायब्ररीतले सगळे विलंब दुप्पट होतील आणि जागण्याचा खर्चही. १.८ चा डिटेक्टरही २.० पर्यंत असू शकतो, आणि रेडिओ व सेन्सर दोघांची किमान मर्यादा १.९. म्हणून हिशेबात तळ २.० व्होल्ट धरायचा.

दुसरा बदल प्रयत्नांचा. हार्डवेअरला पुन्हा पाठवू द्यायचंच नाही: `setRetries(5, 0)`. पहिला आकडा शून्य करू नका. २५० केबीपीएसला पोच यायला २५० मायक्रोसेकंद पुरत नाहीत. पोच नाही मिळाली तर वॉचडॉगवर ३२ मिलिसेकंद झोपायचं आणि मग पुन्हा पाठवायचं, जास्तीत जास्त चार वेळा. ३२ मिलिसेकंद म्हणजे थंडीतही दहाहून अधिक कालांक; कपॅसिटर पुन्हा काठोकाठ भरलेला असतो. त्यामुळे सेलला दिसणारी प्रत्येक पल्स एकाच पॅकेटची. हा बदल एकटा केला असता तरी त्या मार्चमध्ये बहुतेक नोड वाचले असते. चार प्रयत्नांतही नाही गेलं तर रीडिंग जपून ठेवून पुढच्या मिनिटाला दोन्ही पाठवायची. द्राक्षाला एका मिनिटाने काही फरक पडत नाही.

तिसरा, सेन्सरची वाट झोपून बघायची. ते ७५ मायक्रोकूलंब जवळपास पूर्ण वाचतात.

चौथा, `BORF` लागून उठलेल्या नोडने हजेरी पाठवण्याआधी आठ-दहा सेकंद झोपायचं. मरणारा नोड मग दोन दिवसांत सेल पिऊन टाकत नाही आणि कारण सांगायला शिल्लक राहतो.

मोठा कपॅसिटर हा सगळ्यांना सुचणारा उपाय मी टाळला. सोळा प्रयत्नांचे ३०५ मायक्रोकूलंब ०.२ व्होल्टच्या घसरणीत बसवायचे तर १५०० मायक्रोफॅरड लागतात. तेवढा सिरॅमिक परवडत नाही, आणि अॅल्युमिनियम इलेक्ट्रोलायटिकची गळती बघा: ०.०१ गुणिले धारिता गुणिले व्होल्टेज या नेहमीच्या मर्यादेने १०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टलाच १६ मायक्रोअँप चालतात. प्रत्यक्षात बराच कमी जातो, पण स्लीपचा सगळा खर्च ६ असताना मी त्याच्या भरवशावर राहणार नाही. सिरॅमिकचीही गळती मोजताना बोर्डाला व्होल्टेज देऊन काही मिनिटं थांबावं. सुरुवातीला दिसणारा करंट डायइलेक्ट्रिक भरण्याचा असतो.

स्लीप करंट मोजताना एक सापळा आहे तो इथेच सांगतो. मल्टिमीटरच्या मायक्रोअँप रेंजमध्ये आत शंभर ओहम किंवा त्याहून जास्त रोध असतो. १५ मिलिअँपला त्यावर दीड व्होल्ट पडतो आणि नोड मीटरमुळेच रीसेट होतो. मग मीटर भलताच आकडा दाखवतो. मीटरच्या दोन टोकांवर एक जंपर ठेवा, नोड झोपला की काढा, आकडा वाचा, पुढच्या जागण्याआधी परत लावा.

नव्याने आयुष्य काढणं

आता दोन्ही हिशेब एकत्र. ४ मेगाहर्ट्झवर कंट्रोलर १.७ मिलिअँप घेतो. जागण्याचे एकूण ६ मिलिसेकंद म्हणजे १०, सेन्सर ४, आणि पॅकेट सरासरी दोन प्रयत्नांत जातं असं धरून रेडिओ ३२; एकूण ४६ मायक्रोकूलंब, मिनिटाला वाटून ०.८ मायक्रोअँप. स्लीपचे ६. सेलची स्वतःची झीज वर्षाला १ टक्का, म्हणजे पाव मायक्रोअँप. बेरीज ७.०५.

भागायचं कशाला? २२५ ला नाही. जिथपर्यंत तळ २.० च्या वर राहतो तेवढ्याच क्षमतेला. रोध १०० ओहम झाला आणि विश्रांतीचा व्होल्टेज थंडीत २.७५ वर आला असं मानू. एका पॅकेटची घसरण कपॅसिटरमुळे ०.२७ च्या पुढे जात नाही. पॅकेटच्या आधी कंट्रोलर जागा असतो त्याचे १.७ मिलिअँप गुणिले १०० ओहम, ०.१७. तळ २.३१. अजून जागा आहे. रोध २०० ओहम झाला तर दुसरा आकडा ०.३४ होतो आणि तळ २.१४ वर येतो. तेवढ्यात विश्रांतीचा व्होल्टेजही उतरू लागलेला असतो, म्हणून तिथे थांबावं. असा रोध थंडीत शेवटच्या सहाव्या भागात येतो असं माझ्या सेलांवर दिसलं, म्हणून मी १९० मिलिअँप-तास धरले.

```
190 mAh / 7.05 µA ≈ 26900 h ≈ 3.1 वर्षं
```

जुनाच आकडा परत आला म्हणून हसू नका. आधीचा ३.३ हा सेल काय देऊ शकतो त्याचा होता, हा नोड काय घेऊ शकतो त्याचा आहे. स्टिकरवर मी अडीच वर्षं लिहिली. कारण शीतगृहात आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर असते. दार उघडलं की बोर्डावर दव धरतं, आणि सेल होल्डरच्या दोन पायांमध्ये फ्लक्स राहिला असेल तर १ मेगओहमची वाट सहज तयार होते. तेवढ्यानेच ३ मायक्रोअँप जातात, म्हणजे आयुष्याचा एक तृतीयांश. बोर्ड आयसोप्रोपिलने धुवून कोटिंग करा, पण होल्डरच्या संपर्कपट्ट्यांवर कोटिंग जाऊ देऊ नका. तिथे पाच-दहा ओहम वाढले तर ते सेलच्या रोधात मिळतात, आणि दोष सेलवर जातो.

सेल कधी बदलायचा हे कसं कळेल

विश्रांतीचा व्होल्टेज पाठवून उपयोग नाही. घसरण पाठवा. कंट्रोलर स्वतःचा पुरवठा आतल्या १.१ व्होल्टच्या संदर्भाशी तुलना करून मोजू शकतो. एडीसी प्रक्षेपणाच्या आधी चालू करून स्थिरावू द्यायचा, एकदा वाचायचा, पाठवायचं, आणि पाठवणं संपताक्षणी पुन्हा वाचायचा.

```c
void adc_on(void) {
  ADMUX  = _BV(REFS0) | 0x0E;
  ADCSRA = _BV(ADEN) | _BV(ADPS2) | _BV(ADPS0);
  _delay_ms(1);
}
uint16_t vcc_mV(void) {
  ADCSRA |= _BV(ADSC);
  while (ADCSRA & _BV(ADSC));
  return 1126400UL / ADC;
}
```

चालू केल्यावरचं पहिलं रूपांतर टाकून द्या. १.१ व्होल्टचा संदर्भ चिपगणिक १.० ते १.२ मध्ये असतो, म्हणून प्रत्येक बोर्ड एकदा मीटरशी ताडून गुणक ठेवावा. अर्थात घसरण ही दोन वाचनांची वजाबाकी असल्यामुळे तिच्यात ही चूक फारशी बाधत नाही. दुसरं वाचन किंचित उशिरा होतं, तेवढ्यात कपॅसिटर थोडा सावरतो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा जरा कमी येतो. चालेल. आपल्याला तो वाढतोय का एवढंच बघायचंय.

नव्या सेलवर थंडीत आमच्या नोडची घसरण १२० मिलिव्होल्टच्या आसपास असते. ती २५० ओलांडून आठवडाभर तिथेच राहिली की सेल बदलायची यादी गेटवे काढतो. एका नोडची घसरण एकाच दिवसात १३० वरून २४० झाली होती. सुपरवायझर सेल घेऊनच निघाले होते, त्यांना आधी होल्डर बघायला सांगितलं. पट्टीवर हिरवट थर होता. खोडरबराने घासला, आकडा परत १३० वर.